फोटोतल्या एका अंकावर अहवाल कसा लिहावा: चौकशीत आणि कोर्टात टिकेल असा

लॉजचं एका ओळीचं बिल. एक खोली, एक रात्र, रक्कम 4,850 रुपये. कर्मचाऱ्याने त्याचा फोटो ईमेलने लेखा विभागाला पाठवला, पैसे मिळाले. काही महिन्यांनी ऑडिटमध्ये शंका निघाली की मूळ रक्कम 1,850 असावी, आणि फोटो तपासायला एका तज्ज्ञाकडे आला. सोबतच्या पत्रात कंपनीने लिहिलं होतं, "सदर बनावट बिलाबाबत अहवाल द्यावा."

हे प्रकरण या लेखासाठी रचलेलं आहे आणि त्यातले आकडेही उदाहरणादाखल आहेत. मात्र अशी पत्रं खरोखर येतात. अहवालातल्या निम्म्या चुकांचं मूळ त्या पत्रातल्या "बनावट" या शब्दात असतं, कारण तपास सुरू होण्याआधीच त्यात निकाल लागलेला असतो. तपासण्याच्या तंत्रावर लिहिलेलं पुष्कळ सापडतं. तपासून झाल्यावर कागदावर काय उतरवायचं यावर फारसं सापडत नाही, म्हणून इथे भर त्यावर आहे.

प्रश्न आधी नीट मांडून घ्या

पत्र आलं की लगेच फाईल उघडू नका. आधी कंपनीला उलट लिहा आणि प्रश्न बदलून मागा. "बिल बनावट आहे का?" याचं उत्तर फोटो पाहणारा माणूस देऊच शकत नाही. लॉजवाल्यानेच जास्त रकमेचं बिल छापून दिलं असेल, तर बिल खोटं आणि फोटो अगदी अस्सल, असंही होऊ शकतं. तुमच्या कक्षेतला प्रश्न असा आहे: "या फाईलमधला रकमेचा भाग फोटो काढल्यानंतर डिजिटल पद्धतीने बदलला गेल्याच्या खुणा आहेत का?"

मग या प्रश्नाची संभाव्य उत्तरं स्पर्धक शक्यता म्हणून लिहून ठेवा, आणि हे तपासाआधी करा. या प्रकरणात मी तीन धरेन. पहिली, फोटोत दिसणारा 4 कागदावर तसाच होता. फाईल पुन्हा सेव्ह झाली असेल, पण अंकाला हात लागलेला नाही. दुसरी, फोटो काढल्यानंतर कुणीतरी त्या जागी दुसरीकडचा 4 आणून बसवला. तिसरी, माणसाने काहीच केलं नाही, पण स्कॅनिंगच्या किंवा कॉम्प्रेशनच्या प्रक्रियेने आपोआप अंक बदलला.

तिसरी शक्यता अतिरेकी वाटेल. पण 2013 मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलत होती. एका बांधकाम नकाशात वेगवेगळ्या आकाराच्या खोल्यांवर स्कॅननंतर एकच क्षेत्रफळ छापून आलं होतं. जागा वाचवण्यासाठी यंत्र एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच ठसा साठवून सगळीकडे वापरत होतं, आणि कधीकधी चुकीचा ठसा बसत होता. विरोधी वकिलाने हे वाचलेलं असेल असं गृहीत धरूनच लिहायला बसावं.

प्रकरणाची पार्श्वभूमी तुम्हाला किती सांगितली गेली, तेही अहवालात नोंदवा. "हा माणूस आधीही सापडला होता" असं कुणी फोनवर सांगितलं असेल, तर ते ऐकल्याची नोंद करा. ऐकलेलं विसरता येत नाही, पण लपवू नये एवढं आपल्या हातात आहे.

काय मिळालं, कसं मिळालं, काय मिळालं नाही

फाईल हातात आली की कशालाही हात लावण्याआधी तिचा हॅश काढा, म्हणजे फाईल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा आकडा. विंडोजवर `certutil -hashfile IMG_20240614_211532.jpg SHA256` आहे, लिनक्सवर एक ओळ पुरते:

```
sha256sum IMG_20240614_211532.jpg
exiftool -a -G1 -s IMG_20240614_211532.jpg
```

पहिली ओळ फाईलचा ठसा देते, दुसरी तिच्या आत साठवलेली माहिती. मूळ फाईल फक्त वाचता येईल अशी बाजूला ठेवा आणि सगळं काम प्रतीवर करा. तपास संपल्यावर हॅश पुन्हा काढा आणि दोन्ही अहवालात द्या.

भारतात याला कायद्याचाही आधार आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच दिला आहे: भाग अ नोंद हजर करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहायचं. नमुन्यात एमडी5 आणि एसएचए1 चेही पर्याय आहेत. पण या दोन्ही पद्धतींत दोन वेगळ्या फाईलींचा हॅश मुद्दाम एकच आणता येतो हे सिद्ध झालेलं असल्याने एसएचए256 वापरा. आधीच्या कायद्यात हेच प्रमाणपत्र कलम 65-ब खाली होतं. ते अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितलं. ते प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचं होतं, आणि उमेदवारी अर्ज कधी दाखल झाले ते दाखवणाऱ्या कॅमेरा चित्रीकरणावरून वाद होता. प्रमाणपत्र म्हणजे अहवाल नव्हे, आणि अहवाल दिला म्हणून प्रमाणपत्राची गरज संपत नाही. दोन्ही वेगवेगळे कागद ठेवा.

खातेनिहाय चौकशीत पुराव्याचा कायदा इतक्या काटेकोरपणे लागू होत नाही. तरीही अहवाल तितक्याच काळजीने लिहा. आज कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्यासमोर असलेला कागद उद्या कामगार न्यायालयात किंवा पोलिसांच्या दोषारोपपत्रात जाऊ शकतो, आणि तेव्हा तो नव्याने लिहिता येत नाही.

मिळालेल्या गोष्टींच्या यादीइतकीच न मिळालेल्या गोष्टींची यादी महत्त्वाची. या प्रकरणात तज्ज्ञाने तीन गोष्टी मागितल्या: ज्या फोनने फोटो काढला तो फोन, कागदी बिल, आणि त्याच फोनवरून आलेले इतर फोटो. फोन रीसेट झाल्याचं आणि कागद हरवल्याचं कर्मचाऱ्याने कळवलं. लेखा विभागाकडे मात्र त्याच कर्मचाऱ्याने पूर्वी पाठवलेल्या, वादात नसलेल्या तीन बिलांचे फोटो होते. अहवालात एवढंच लिहायचं की फोन आणि कागद मागितले, उपलब्ध झाले नाहीत. "संशयास्पदरीत्या फोन रीसेट केला" हे वाक्य तज्ज्ञाचं नाही.

दिसलं ते एकीकडे, त्याचा अर्थ दुसरीकडे

निरीक्षण आणि अनुमान कधीही एका वाक्यात एकत्र करू नका. वाचणाऱ्याला निरीक्षण मान्य असूनही तुमचं अनुमान अमान्य असू शकतं, आणि तसं करण्याची मोकळीक त्याला तुमच्या मांडणीनेच मिळाली पाहिजे. हिमाचल प्रदेशातल्या सफरचंदाच्या बागांवरील रोगाच्या नुकसानभरपाईचं जयलाल प्रकरण 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. त्यात न्यायालयाने म्हटलं की निष्कर्ष तपासून पाहण्याची शास्त्रीय साधनं न्यायाधीशाच्या हाती देणं हे तज्ज्ञाचं काम. मत न्यायाधीश स्वतः बनवेल. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 45 नेही मतामागची कारणं सुसंगत ठरवली आहेत. कारणांविना दिलेला निष्कर्ष उलटतपासणीत फार वेळ उभा राहत नाही.

आता या फोटोत काय दिसलं ते एकेक पाहू, आणि प्रत्येकाचं वजन किती तेही.

पहिलं, फाईलच्या आतली माहिती. `DateTimeOriginal` मध्ये 14 जून 2024, रात्री 9:15. `ModifyDate` मध्ये 17 जून, सकाळी 10:42. `Software` या रकान्यात फोटो संपादनाच्या एका अॅपचं नाव. नवख्या माणसाला इथेच चोर सापडल्यासारखं वाटतं. पण फोटो सरळ फिरवला, कडा कापल्या किंवा उजेड वाढवला तरी असंच अॅप आपलं नाव आणि नवी वेळ लिहून ठेवतं. शिवाय या दोन्ही वेळा त्या उपकरणाच्या घड्याळाच्या आहेत, आणि हे रकाने कुणालाही हाताने बदलता येतात. म्हणून अहवालात यावरून इतकंच लिहायचं: "फाईल कॅमेऱ्यानंतर किमान एकदा संपादन अॅपमधून सेव्ह झाल्याशी ही नोंद सुसंगत आहे. चित्रातील मजकूर बदलला की नाही, हे यावरून ठरत नाही."

दुसरं, कॉम्प्रेशनचं कोष्टक. जेपेग फाईल बनवताना चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील किती गाळायचा ते एका कोष्टकाने ठरतं. ते कोष्टक फाईलमध्येच असतं. वादात नसलेल्या तिन्ही फोटोंत कोष्टक एकच होतं, या फोटोत वेगळं निघालं. पहिल्या निरीक्षणाला यातून स्वतंत्र दुजोरा मिळतो, पण पुढे जाता येत नाही: फाईल पुन्हा सेव्ह झाली, एवढंच. दोन पुरावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील तर ते दोन वेगळे आरोप म्हणून मोजू नका.

तिसरं, फाईलमध्ये दडलेलं लघुचित्र. काही अॅप मुख्य चित्र बदलतात पण आतलं छोटं चित्र जुनंच राहू देतात, आणि अशा वेळी त्यात मूळ मजकूर सापडल्याची उदाहरणं आहेत. इथे लघुचित्र होतं, पण ते 120 बाय 160 पिक्सेलचं, तर मुख्य चित्र 3000 बाय 4000 चं. म्हणजे मुख्य चित्रात 60 पिक्सेल उंच असलेला अंक लघुचित्रात जेमतेम अडीच पिक्सेलचा. त्यात 1 आहे की 4, हे वाचता येणं शक्यच नाही. ते मोठं करून "इथे 1 दिसतो" असं म्हणण्याचा मोह होतो, विशेषतः काय दिसायला हवं ते आधीच माहीत असेल तर. अहवालात लिहा: "लघुचित्र तपासले; अंक ओळखण्यास पुरेसे तपशील त्यात नाहीत. कोणताही निष्कर्ष काढलेला नाही." तपासणी केली पण काही हाती लागलं नाही, अशा सगळ्या गोष्टी अहवालात आल्याच पाहिजेत. त्या गाळल्या तर उरलेल्या निरीक्षणांचं वजन खोटंच वाढतं.

चौथं, आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. रकमेतल्या 4 भोवतीचा 56 बाय 72 पिक्सेलचा तुकडा तारखेतल्या 14 मधल्या 4 च्या तुकड्याशी ताडून पाहिला. दोन्ही अंकांचा आकार सारखा असणं स्वाभाविकच आहे, एकाच प्रिंटरने छापलेत. पण कॅमेऱ्याचा सेन्सर प्रत्येक पिक्सेलवर थोडा यादृच्छिक दाणा टाकतो, आणि कागदाचा पोतही जागोजागी वेगळा असतो. त्यामुळे कागदावरच्या दोन जागा, छपाई कितीही सारखी असली तरी, फोटोत दाण्यासकट एकसारख्या येत नाहीत. इथे दोन तुकड्यांचं साम्य 0.98 निघालं. 1 म्हणजे तंतोतंत सारखे.

नुसता 0.98 हा आकडा वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याच फोटोत हा आकडा एरवी किती येतो, ते कळल्याशिवाय तो मोठा की लहान हे ठरत नाही. म्हणून त्याच बिलावरच्या तारखेतल्या, बिल क्रमांकातल्या आणि फोन क्रमांकातल्या सारख्या अंकांच्या 22 जोड्या त्याच पद्धतीने ताडल्या. साम्य 0.58 ते 0.81 च्या दरम्यान आलं. सगळ्यात मोलाची जोडी तारखेतच होती: 14 मधला 4 आणि 2024 मधला 4. एकच प्रिंटर, एकच ओळ, तरी साम्य 0.74. रकमेतला 4 मात्र 14 मधल्या 4 शी 0.98 ने जुळतो.

हीच जोडी तिसऱ्या शक्यतेचाही निकाल लावते. यंत्राने एकच ठसा सगळीकडे वापरला असता तर 2024 मधला 4 देखील तंतोतंत तसाच आला असता. तसं झालेलं नाही. शिवाय ही फाईल फोनच्या कॅमेऱ्यातून आलेली जेपेग आहे. ठसे वापरणारं ते कॉम्प्रेशन दस्तऐवज स्कॅन करताना वापरतात. शक्यता आधी लिहून ठेवलेली असल्यामुळे ती कशी बाद झाली, हे आता दोन वाक्यांत दाखवता येतं.

पाचवं, दुहेरी कॉम्प्रेशनच्या खुणा. फोटो एकदा कॅमेऱ्यात आणि पुन्हा अॅपमध्ये सेव्ह झाला, तर न बदललेल्या भागात दोन्ही वेळच्या खुणा एकावर एक बसलेल्या दिसतात. दुसरीकडून आणून बसवलेला तुकडा आठ-आठच्या चौकटीत नेमका बसला नसेल, तर तिथे पहिल्या वेळची खूण मोडते. रकमेतल्या 4 च्या जागी ती मोडलेली दिसली. पण 56 बाय 72 च्या तुकड्यात आठ बाय आठचे फक्त 63 चौकोन मावतात. ही सांख्यिकीय चाचणी आहे आणि इतक्या कमी चौकोनांवर ती डळमळीत असते. म्हणून तिचं वजन अहवालात स्वतःहून कमी करा: "निरीक्षण चौथ्या निरीक्षणाशी सुसंगत, क्षेत्र लहान असल्याने स्वतंत्र निष्कर्षासाठी पुरेसे नाही."

एक पद्धत मी मुद्दाम वापरलेली नाही. एरर लेव्हल अॅनालिसिस नावाचं तंत्र चित्र पुन्हा कॉम्प्रेस करून फरक रंगवून दाखवतं, आणि त्यात संशयित जागा लखलखते. पण गडद अक्षरांच्या कडा, लाल शिक्का, झगमगती पार्श्वभूमी या जागाही तितक्याच लखलखतात. पांढऱ्या कागदावर काळे अंक असलेल्या बिलात तर सगळेच अंक चमकतील. असं चित्र अहवालात टाकलं की वाचणाऱ्याच्या मनात तेच ठसतं आणि खाली लिहिलेल्या मर्यादा कुणी वाचत नाही. माझ्या मते अंतिम अहवालात त्याला जागा नसावी.

निष्कर्षाचं वाक्य

आता सगळ्यात जास्त वेळ घेणारं काम. आधी वाईट नमुना पाहा:

> "तपासाअंती असे सिद्ध झाले की कर्मचाऱ्याने 1,850 चे 4,850 केले असून याची खात्री 98 टक्के आहे."

या एका वाक्यात चार दोष आहेत. "सिद्ध" करणं तज्ज्ञाचं काम नाही. "कर्मचाऱ्याने" हे फोटो सांगत नाही. फाईल कुणाच्या हातात कधी होती हा वेगळ्या तपासाचा विषय. "1,850" कुठून आलं? तुकडा वरून झाकला गेला की खालचं चित्र गेलं. तिथे 1 होता, 2 होता की काहीच नव्हतं, हे या फाईलमधून कळत नाही. ते लॉजच्या बिलबुकातल्या प्रतीतून कळेल. आणि 98 टक्के तर उघड फसवणूक आहे, भले अजाणता केलेली असो. 0.98 हे दोन तुकड्यांचं साम्य होतं. फेरफार झाल्याची शक्यता 98 टक्के, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

या शेवटच्या दोषाकडे नीट बघायला हवं, कारण शिकलेली माणसंही तो करतात. "फेरफार झाला असेल तर अशी खूण दिसण्याची शक्यता किती" हा प्रश्न तज्ज्ञाचा. "अशी खूण दिसली तर फेरफार झाला असण्याची शक्यता किती" हा प्रश्न न्यायाधीशाचा किंवा चौकशी अधिकाऱ्याचा, कारण त्याच्या उत्तरात इतर सगळा पुरावा येतो: लॉजची नोंदवही, त्या भागातले दर, साक्षीदार. तज्ज्ञाने पहिल्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं, आणि तेही दोन शक्यतांची तुलना करून. युरोपातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या एनफ्सी या संघाने 2015 मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वं नेमकं हेच सांगतात. पुराव्याच्या बळासाठी त्यांनी शब्दांची एक उतरंडही दिली आहे, किंचित आधारापासून अत्यंत भक्कम आधारापर्यंत, आणि प्रत्येक शब्दासमोर आकड्यांचा पल्ला. "मध्यम" म्हणजे 10 ते 100 पट, "भक्कम" म्हणजे 1,000 ते 10,000 पट.

ती उतरंड वापरताना एक सावधगिरी हवी. "भक्कम" लिहिलंत तर वाचणारा त्यामागे हजारांचा हिशेब आहे असं धरेल. आपल्याकडे 22 जोड्या आहेत, त्याही एकाच बिलावरच्या. त्यांच्या जोरावर हजारांची भाषा मोजून सिद्ध करता येत नाही. बळ जास्त आहे असं वाटण्याचं कारण आकडेवारीबाहेरचं आहे: यादृच्छिक दाणा दोनदा तसाच उमटावा असा कोणताही मार्ग माहीत नाही. हा तर्क चांगला आहे, पण तो तर्क आहे असं लिहून टाका. मी लिहीन तो निष्कर्ष असा:

> "रकमेतील '4' भोवतीचा भाग आणि तारखेतील '14' मधील '4' भोवतीचा भाग यांत आढळलेले साम्य, तो भाग फोटो काढल्यानंतर त्याच चित्रातून उचलून रकमेच्या जागी ठेवला गेला असल्यास अपेक्षित आहे. कागदावरील मजकूर तसाच टिपला गेला असल्यास असे साम्य दिसणे अत्यंत अनपेक्षित आहे. माझ्या मते ही निरीक्षणे मजकूर तसाच टिपला गेल्याच्या शक्यतेच्या तुलनेत भाग उचलून ठेवला गेल्याच्या शक्यतेला भक्कम आधार देतात. 'भक्कम' हा शब्द माझ्या तांत्रिक आकलनावर व परिशिष्टातील 22 जोड्यांच्या तुलनेवर आधारित आहे. तो मोठ्या नमुन्यावरून काढलेला आकडा नाही."

आणि लगेच खाली, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात:

> "हा बदल कोणी केला, नेमका केव्हा केला, आणि त्या जागी मूळ कोणता अंक होता, याबाबत या फाईलवरून मत देता येत नाही."

मर्यादा शेवटच्या पानावरच्या बारीक टाईपातल्या परिच्छेदात ढकलायच्या नाहीत. चौकशी अधिकारी बहुधा निष्कर्षाचं एकच पान वाचतो, कधी त्याचाही फोटो काढून वकिलाला पाठवतो. त्या एका पानावर मर्यादा नसतील तर अहवालात त्या नाहीतच असं समजा.

हाच फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असता तर

मग वरचा अहवाल जवळपास कोसळला असता, आणि ते कसं लिहायचं हेही माहीत हवं. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅप लहान करतं, पुन्हा कॉम्प्रेस करतं आणि आतली माहिती काढून टाकतं. `IMG-20240617-WA0007.jpg` अशा नावातली तारीख फोटो काढल्याची नसते. कॅमेऱ्याचं कोष्टक, वेळ, अॅपचं नाव, सगळं जातं. अंकांभोवतीचा दाणाही बराचसा घासला जातो. मग तुलनेसाठी घेतलेल्या जोड्यांमधलं साम्यच 0.9 च्या वर गेलं, तर रकमेतल्या अंकाचं 0.95 काहीच सांगणार नाही.

अशा वेळी अहवालात "फेरफार आढळला नाही" असं लिहिणं धोक्याचं आहे. कर्मचाऱ्याचा वकील ते "फेरफार झालेला नाही" असं वाचेल, आणि चूक त्याची नसेल. लिहायचं असं: "या प्रतीत अशा फेरफाराच्या खुणा असत्या तरी त्या टिकून राहण्याची अपेक्षा नाही. त्यामुळे त्या न दिसण्यावरून कोणत्याही बाजूने मत देता येत नाही." आणि सोबत कंपनीला सांगायचं की डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली किंवा ईमेलमधली मूळ फाईल शोधा. कंपनीला सोयीचा नसला तरी हाही पूर्ण अहवाल आहे, आणि त्याचं बिलही पूर्ण लावावं.

पाठवण्याआधी

दुसऱ्या जाणकाराला निष्कर्षाचं पान काढून अहवाल द्या. निरीक्षणं वाचून तो कोणत्या शब्दापर्यंत पोहोचतो ते पाहा. तो "मध्यम" म्हणत असेल आणि तुम्ही "भक्कम" लिहिलं असेल, तर मतभेद मिटवण्याआधी तो नोंदवून ठेवा. बाकीचं पटकन: वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, 22 जोड्यांचं पूर्ण कोष्टक, तुकड्यांचे पिक्सेलमधले नेमके पत्ते, आणि चित्रं न ताणता, न उजळता. चित्र मोठं केलं असेल तर किती पट, ते चित्राखालीच. दुसऱ्या माणसाला तेच पत्ते घेऊन तोच आकडा काढून दाखवता आला पाहिजे.

उलटतपासणीत एक प्रश्न हमखास येतो: "म्हणजे तुम्ही शंभर टक्के खात्रीने सांगू शकत नाही?" उत्तर आहे, "नाही." एवढंच, आणि मग अहवालातलं तेच वाक्य त्याच शब्दांत. साक्षीच्या पेटीत उभं राहून "भक्कम"चं "निर्विवाद" केलं की पुढच्या दहा मिनिटांत त्या एकाच शब्दावर वकील अख्खा अहवाल उलगडून ठेवतो. उलट बाजूनेही तसंच: "म्हणजे फार काही नाही, असंच ना?" या दबावाखाली "भक्कम"चं "थोडंफार" करू नका.

आणि अहवाल दिल्यानंतर लॉजच्या बिलबुकातली प्रत सापडली, किंवा फोनमधून मूळ फोटो परत मिळाला, तर जुना अहवाल दुरुस्त करून पुन्हा पाठवू नका. पुरवणी अहवाल लिहा: कोणत्या तारखेला काय नवीन मिळालं, त्याचा हॅश काय, आधीच्या कोणत्या निरीक्षणावर त्याचा परिणाम होतो आणि कोणत्यावर होत नाही. मूळ फोटोत 4 च निघाला, तर पुरवणीच्या पहिल्याच वाक्यात तसं लिहा, आणि मग 0.98 कसं आलं असेल ते शोधायला बसा.